एकाच तारखेच्या दारात सगळ्या बस

[पडद्यावर: सकाळचा बसथांबा, रांग. मग मॉनिटरवरचा आलेख.]

सकाळचे साडेआठ. समजा, शहरात ६,००० बस धावतायत आणि प्रत्येक बस दर ५ सेकंदांनी आपण कुठे आहोत ते कळवतेय. सेकंदाला झाल्या १,२०० नोंदी. त्या लिहिल्या जातायत अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या एका टेबलात. टेबलाची लेखनक्षमता ठेवलीय ४,०००, म्हणजे जागा भरपूर. तरीही काही नोंदी परत येतायत:

```
ProvisionedThroughputExceededException
```

आलेख नीट बघा. वापराची रेघ १,०००पाशी चढली आणि तिथेच आडवी झाली. मर्यादा ४,०००ची असताना!

टेबल बाहेरून एकच दिसतं, पण आत त्याची पार्टिशन असतात. नोंद कुठल्या पार्टिशनमध्ये जाणार, हे पार्टिशन कीच्या हॅशवरून ठरतं. एका पार्टिशनला सेकंदाला १,००० लेखन युनिट झेपतात, आणि १ केबीपर्यंतची नोंद लिहायला एक युनिट लागतं. टेबलाला कितीही क्षमता विकत घ्या, हा आकडा हलत नाही.

आता या टेबलाची पार्टिशन की बघा: तारीख. आजच्या सगळ्या नोंदींची की एकच, म्हणून त्या सगळ्या एकाच दारात. बाकीची पार्टिशन रिकामी बसलीत.

डायनॅमोडीबी तापलेलं पार्टिशन स्वतःहून दुभंगतं. मग इथे का निभलं नाही? कारण सॉर्ट की, म्हणजे एकाच पार्टिशन कीच्या नोंदी जिच्या क्रमाने लावल्या जातात ती की, वेळेने सुरू होते. पार्टिशन वेळेच्या एखाद्या टप्प्यावर दुभंगलं, तरी पुढची प्रत्येक नोंद नव्या अर्ध्यातच पडते. जुन्या अर्ध्यात लिहायला कुणी फिरकत नाही.

[पडद्यावर: बसच्या पाटीवरचा क्रमांक.]

बस क्रमांकच की केला तर? लेखन छान पसरतं. एका बसची पाच सेकंदांत एकच नोंद. प्रवाशाला ‘माझी बस कुठे’ एवढंच हवं असेल, तर इथेच थांबावं. पण नियंत्रण कक्षाला गेल्या दोन मिनिटांतलं सगळं शहर हवं असतं, आणि त्यासाठी सहा हजार कीज धुंडाळणं परवडत नाही.

म्हणून तारखेला शेपूट लावतात:

```
2025-06-10#7
```

शेपटाचा आकडा ० ते ९. तो बस क्रमांकाच्या हॅशवरून काढायचा, म्हणजे एका बसचा माग काढताना कुठली की उघडायची ते आधीच कळतं. नुसता शेवटचा अंक घेण्याचा मोह होतो, पण एखाद्या डेपोने समच क्रमांक दिले असतील तर निम्म्या कीज रिकाम्या राहतील.

आता प्रत्येक कीवर सेकंदाला साधारण १२० नोंदी. त्यातल्या दोन-चार कीज एकाच पार्टिशनवर आल्या, तरी हजाराच्या खूप आत.

किंमत वाचताना मोजायची. नियंत्रण कक्षाच्या एका प्रश्नासाठी आता दहा क्वेऱ्या एकदम सोडाव्या लागतात आणि उत्तरं वेळेनुसार पुन्हा गुंफावी लागतात.

[पडद्यावर: दहा रेघा, जवळजवळ एकाच उंचीच्या.]