खिळ्याचा अनुस्वार

हा बोर्ड आधी नीट बघून घ्या. सोलापूर, साखर पेठ, चादरींचं जुनं दुकान. पिवळ्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटची अक्षरं, वर मराठी ओळ आणि खाली तेलुगू, कारण मालक पद्मशाली आणि निम्मं गिऱ्हाईकपण तसंच. उन्हानं लाल पार गुलाबी झालाय, पिवळा विटून मातकट झालाय, लांबून वाचाल तर नुसतं "सोलापु" आणि पुढं धुरळा.

मालक म्हणाले, "फोटोतच साफ करून द्या ओ, पण नवा दिसला नाही पाहिजे. नवा पाहिजे असता तर फ्लेक्सच लावला असता की."

आता हे बोलायला सोपं आहे. पहिल्यांदा मी काय केलं, तर सगळेच करतात तेच, कॉन्ट्रास्ट वाढवला. अक्षरं उठली, पण त्यांच्याबरोबर डाग, धूळ, पावसाचे ओघळ सगळंच उठलं, बोर्ड म्हातारा न दिसता आजारी दिसायला लागला. कारण लाल फिका पडला की त्याचा उजेड-अंधार पिवळ्याच्या जवळपास येतो, फरक उरतो तो फक्त रंगाचा, आणि कॉन्ट्रास्टला रंगाशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून रंग वेगळा काढायचा. गिंप नावाच्या फोटो-एडिटरमध्ये Colors > Components > Decompose मध्ये जाऊन LAB निवडलं की फोटोचे तीन थर होतात. L मध्ये नुसता उजेड, म्हणजे मळ, सावल्या, भेगा सगळं तिकडं. A मध्ये हिरवा ते लाल, आणि आपली अक्षरं इथं लपलेली असतात. हे बघा, L मध्ये जिथं काहीच नव्हतं तिथं A मध्ये "चाद" एवढं सरळ वाचता येतंय. फक्त फोटो रॉ मध्ये काढलेला पाहिजे, मोबाईलचा जेपेग रंगाची माहिती कमी करून ठेवतो, मग A मध्ये अक्षरांच्या कडेला चौकोनी ठोकळे दिसतात. माझा पहिला फोटो असाच वाया गेला, परत शिडी लावली.

तर A चा थर ताणला, त्याचा मास्क केला, म्हणजे रंग फक्त अक्षरांवरच बसेल असा साचा, खूश झालो. मालकांना दाखवला. ते म्हणाले, "हे चांदर काय आहे?"

खरंच, "चा"वर अनुस्वार होता! गंज ओ. गंजपण लालच, त्यामुळं A थराला पेंट आणि गंज यातला फरक कळतच नाही. पत्रा मागच्या लाकडी पट्टीला ठोकलाय, साधारण दर फुटाला एक खिळा, आणि त्यातला एक बरोबर "चा"च्या डोक्यावर आलाय. नीट बघितलं तर तसलेच टिंब दोन्ही बाजूला सारख्या अंतरावर आहेत, आणि प्रत्येकाखाली बारीक ओघळ आहे. अनुस्वाराला ओघळ नसतो. मास्कमधून ते हातानं पुसले, पण फोटोत गंज तसाच ठेवला.

खालच्या ओळीत तर उलटंच झालं असतं. मला तेलुगू वाचता येत नाही, एका अक्षराच्या डोक्यावरची बारीक रेघ मी भेग समजून सोडून देणार होतो. मालकांची बायको म्हणाली, "अहो तो तलकट्टु आहे, तो काढला तर अक्षरच बदलतं." मग संध्याकाळी अंधार पडल्यावर बोर्डाच्या अगदी कडेला टॉर्च आडवा धरून फोटो काढला. ब्रशनं मारलेला पेंट जरासा उंच असतो, त्याला एका बाजूनं चमक येते, भेग खोल असते तिच्यात नुसती काळी सावली. रेघ चमकली. तलकट्टुच होता.

रंग भरताना बोर्डाच्या लोखंडी पट्टीखाली बघितलं, तिथं ऊन पोचलेलं नाही, अगदी कुंकवासारखा लाल आहे. तो मी वापरला नाही. त्याच्यापेक्षा बराच फिका घेतला, मास्कमधून Multiply करून पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर ठेवला, आणि खालच्या मूळ फोटोला हातच लावला नाही, त्यामुळं भेगा, पोपडे, ब्रशचे ओढे सगळे रंगातून दिसत राहतात. एक खूण सांगतो, झूम करून बघायचं, अक्षराच्या आतली भेग बाहेरच्या पिवळ्यात अखंड जाते का. अक्षराच्या कडेला ती तुटली तर तुम्ही जास्त रंगवलंय.

राहिला शेवटचा "र". शेडचा पाइप घासून तिथला पेंट पार पत्र्यापर्यंत गेलाय, A मध्येपण काही नाही. "सोलापुरी"तला र उचलून चिकटवायचा मोह झाला, लावूनपण बघितला, बसला नाही. पेंटरला शेवटी जागा कमी पडलेली, "द"पण त्यानं दाबूनच काढलाय. टॉर्चच्या फोटोत र च्या शेपटाचं टोक तेवढं सापडलं, त्याच्यावरून अरुंद र हातानं काढला, वेगळ्या लेयरवर, आणि बाकीपेक्षा फिका, तीस टक्के.

मालकांनी प्रिंट बघितली, चष्मा वर केला. "हा र जरा फिका राहिलाय की ओ."

म्हणलं, "मालक, तो पेंटरचा नाही, माझा आहे."