अस्वलाचं कातडं आणि दलाल स्ट्रीट

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळच्या बातम्यांत शेअर बाजाराचा नंबर आला की दोन जनावरं हमखास येतात. 'बाजारावर अस्वलाची पकड', 'बैलाची मुसंडी', 'तेजीवाल्यांचा बैल उधळला'. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते असं : बैल शिंगं वर उचलून उडवतो म्हणून बैल म्हणजे भाव चढणं, अस्वल पंजा वरून खाली मारतं म्हणून अस्वल म्हणजे भाव पडणं. लक्षात ठेवायला हे चांगलं आहे, मीही पहिल्यांदा असंच शिकलो. पण या नावांची खरी गोष्ट पंज्यात आणि शिंगात नाही. ती एका सौद्यात आहे, आणि तो सौदा समजला की रोजच्या बातमीतलं एक वाक्य वेगळंच ऐकू येऊ लागतं. आज तेच सांगायचं आहे.

आधी बैलाबद्दल एक शब्द. आपल्या कानाला 'बैल' म्हटलं की गोठ्यातला, मानेवर जू घेणारा, पोळ्याला शिंगं रंगवून घेणारा बैल दिसतो. इंग्रजीतला 'बुल' तो नव्हे. तो वळू. न खच्ची केलेला, अंगावर येणारा, आवरता न येणारा. 'बैल उधळला' हे शब्द बातमीत आनंदाने वाचले जातात, पण गावात ते ऐकले की माणसं पोरांना घरात ओढतात. गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगतो, मला गावातला अर्थ जास्त बरोबर वाटतो. फार वेगाने वर जाणाऱ्या बाजारापासून थोडं बाजूला उभं राहिलेलं बरं.

आता अस्वल. ही गोष्ट लंडनची, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिथल्या एक्स्चेंज ॲली नावाच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानांत शेअरचे सौदे चालत. इंग्रजीत तेव्हा एक म्हण होती : अस्वल धरण्याआधी त्याचं कातडं विकू नये. आपली 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' हिच्या जवळची, फक्त आपल्याकडे नुसतं भांडण होतं, तिथे पैसे घेऊन विक्रीच होऊन जाते. कॉफीच्या दुकानात काही लोक नेमकं हेच करत. हातात शेअर नाही, तरी 'अमुक दिवशी देतो' म्हणून आजच्या भावाने विकायचा. द्यायचा दिवस येईपर्यंत भाव पडला तर स्वस्तात घेऊन द्यायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. अशा माणसाला आधी 'अस्वलाच्या कातड्याचा सौदागर' म्हणू लागले, मग कातडं गळून नुसतं 'अस्वल' राहिलं. त्या काळच्या एका इंग्रजी शब्दकोशात 'अस्वल विकणे' याचा अर्थच 'जवळ नसलेलं विकणे' असा दिला आहे. उलट बाजूला उभा असलेला, पैसे जवळ नसताना भाव चढेल या भरवशावर घेऊन ठेवणारा, तो 'बुल'. लंडनच्या लोकांना ही दोन जनावरं एकत्र आठवणं स्वाभाविक होतं, कारण साखळीला बांधलेल्या अस्वलावर आणि वळूवर कुत्रे सोडण्याचे क्रूर खेळ तिथे भरत असत.

म्हणजे अस्वल हे मुळात बाजाराचं नाव नव्हतं, माणसाचं होतं. आपल्या दलाल स्ट्रीटनं ही गोष्ट नीट जपली. तिथे 'तेजीवाला' आणि 'मंदीवाला' म्हणतात. नुसती हवा नाही, कोण काय करून बसलाय ते सांगणारे शब्द आहेत हे.

मंदीवाला काय करून बसतो ते आकड्यांत बघू. समजा एका कंपनीचा शेअर 500 रुपयांना आहे. मंदीवाल्याला वाटतं, हा पडणार. त्याच्याकडे एकही शेअर नाही, तरी तो सकाळी 100 शेअर विकतो. 50,000 रुपयांची विक्री झाली. दुपारी भाव 450 वर आला, त्याने 45,000 ला 100 शेअर विकत घेतले आणि हिशेब मिटवला. 5,000 सुटले. पण भाव 450 ऐवजी 600 झाला तर? शेअर द्यायचे तर आहेतच. 60,000 मोजून घ्यावे लागतील, 10,000 गेले. आणि इथेच अस्वलाची खरी अडचण आहे. शेअर शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे त्याचा जास्तीत जास्त फायदा 50,000. तोट्याला मात्र छत नाही, कारण भाव किती चढेल याला हद्द नाही. शेअर घेऊन बसलेल्याचं नुकसान त्याने घातलेल्या पैशांपाशी थांबतं, न घेता विकणाऱ्याचं थांबत नाही.

आपल्याकडे रोखीच्या बाजारात साध्या गुंतवणूकदाराने अशी विक्री केली तर ती त्याच दिवशी, साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत परत खरेदी करून मिटवावी लागते. बहुतेक दलाल तीनच्या पुढे, स्वतःहूनच, उघडे सौदे बंद करू लागतात. राहून गेलं तर शेअर बाजार लिलाव करून ते शेअर मिळवतो आणि जो काही भाव पडेल त्याचा फरक विकणाऱ्याच्या माथी मारतो. त्याहून लांबचा सौदा करायचा तर बहुतेक लोक पुढच्या तारखेचे सौदे चालतात त्या वायदे बाजारात जातात.

आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. बातमीत येतं : 'शॉर्ट कव्हरिंगमुळे निर्देशांक वधारला.' ऐकणारा समजतो, चला, तेजी आली. पण शॉर्ट कव्हरिंग म्हणजे मंदीवाल्याने केलेली खरेदी. तो कंपनीवर विश्वास ठेवून घेत नाहीये. त्याला उधारी फेडायची आहे. भाव थोडा चढला की एक घाबरून घेतो, त्याच्या खरेदीने भाव आणखी चढतो, मग दुसरा घेतो. बाजार वर जातो आणि तो वर नेणारे अस्वलंच असतात. त्यांची फेड संपली की ती खरेदी तिथेच आटते. म्हणून एका दिवसाच्या उसळीचं कारण बातमीत हे दिलं असेल, तर ती नव्या पैशाने आलेली तेजी समजू नये.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मुंबईने 1982 साली पाहिली. धीरूभाई अंबानींच्या रिलायन्सचा शेअर तेव्हा बाजारात गाजत होता. मार्च महिन्यात मंदीवाल्यांनी, त्यात कलकत्त्याचे बडे दलाल होते, तो जवळ नसताना धडाधड विकायला सुरुवात केली. भाव 131 च्या आसपास होता तो 121 पर्यंत उतरला. त्या काळी 'बदला' नावाची पद्धत होती : हिशेबाच्या दिवशी शेअर देता आला नाही तर काही रक्कम ठरवून सौदा पुढे ढकलायचा. मंदीवाल्यांचा सगळा भरवसा त्यावर. पण या वेळी समोर अंबानींच्या बाजूचे दलाल घेत गेले, घेतच राहिले, आणि एप्रिलच्या अखेरीस म्हणाले, पुढे ढकलायचं नाही, शेअर द्या. शेअर आणायचे कुठून? विकले होते, पण हातात नव्हते. कातडं विकून झालं होतं, अस्वल अजून जंगलात. बाजारात एवढा गोंधळ झाला की मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मंदीवाल्यांना मिळेल त्या चढ्या भावाने शेअर गोळा करत फिरावं लागलं. बदला पद्धत पुढे 2001 मध्ये बंद झाली.

माणसाचं नाव पुढे सगळ्या बाजारालाच चिकटलं, आणि त्याला मोजमापही आलं. वरच्या टोकापासून 20 टक्के खाली आला की अस्वलाचा बाजार, खालच्या टोकापासून 20 टक्के वर गेला की बैलाचा. 10 टक्क्यांच्या आसपासच्या घसरणीला 'करेक्शन' म्हणतात. हे 20 टक्के कुठल्या कायद्यात नाहीत, बातमीदारांची आणि विश्लेषकांची सोय आहे ती. ती किती फसवते हे 2008 सालात दिसतं.

दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजाराच्या दारात जो ब्राँझचा वळू उभा आहे, तो सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला. तो तिथे बसवला जानेवारी 2008 मध्ये. त्याच महिन्यात, 8 तारखेला, सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता, तोवरचा सर्वांत वरचा आकडा. त्याचे 20 टक्के कापले तर 16,698 उरतात. 22 जानेवारीला दिवसभरात निर्देशांक 15,300 च्या घरात जाऊन आला, पण बंद झाला 16,730 वर. रेषेच्या जेमतेम 30 अंश वर. म्हणजे दिवसातला नीचांक धरला तर अस्वल आलं, बंद भाव धरला तर नाही. बंद भावाने ते आलं 11 फेब्रुवारीला.

पुढचं याहून बोलकं आहे. 27 ऑक्टोबरला सेन्सेक्स 8,509 वर बंद झाला आणि मग दिवाळीच्या त्या आठवड्यात उसळला. 4 नोव्हेंबरला 10,631. सुमारे 25 टक्के वर. नियमाने बैलाचा बाजार सुरू झाला होता. 20 नोव्हेंबरला तो 8,451 वर होता, म्हणजे ज्या तळापासून उठला त्याच्याही खाली. खरा तळ त्यानंतर, 9 मार्च 2009 ला, 8,160 वर लागला. तिथून मार्च संपायच्या आतच तो पुन्हा 20 टक्के वर गेला आणि या वेळी टिकला. दोन्ही उसळ्या त्या त्या दिवशी सारख्याच दिसत होत्या. कुठली टिकणारी होती हे नंतरच कळलं. 'अस्वलाचा बाजार सुरू' असं बातमीत ऐकलं, तर ते झालेल्या पडझडीचं वर्णन आहे. उद्याचा अंदाज त्यात नाही.

20,873 वरून 8,160 म्हणजे सुमारे 61 टक्के घसरण. तितकंच परत चढायला 61 टक्के पुरत नाहीत, 156 टक्के लागतात, कारण चढाई छोट्या रकमेवरून करायची असते. सेन्सेक्स त्या जुन्या आकड्यावर परत बंद झाला तो नोव्हेंबर 2010 च्या दिवाळीत. पुतळा बसवला त्या महिन्यात वरच्या भावाने निर्देशांक घेतलेल्याची मुद्दल, लाभांश सोडला तर, पावणेतीन वर्षांनी जेमतेम हाताला आली होती.

नमस्कार.