आठ पाकळ्या, आठ पानं

[दृश्य: टेबलावर पसरलेला पांढरा नॅपकिन, कॅमेरा वरून]

हा सुती नॅपकिन आहे, ५० सेंटिमीटर चौरस. आज याचं कमळ करायचं आहे.

आधी टोकाला टोक लावून तिरकी घडी घालून बघा. धुऊन धुऊन कापड एका बाजूने जास्त आटलं असेल, तर कडा जुळत नाहीत आणि कमळ वाकडं होतं. असा नॅपकिन साध्या घडीसाठी ठेवा. कडा जुळल्या, की खळ द्या आणि कापड दमट असतानाच इस्त्री करा. पॉलिएस्टर इथे उपयोगाचं नाही, त्याच्या पाकळ्या उभ्या राहत नाहीत.

[दृश्य: हात, अगदी जवळून]

चारही टोकं मध्यावर आणा. तयार झालेल्या चौकोनाची टोकं पुन्हा मध्यावर. मग ही घडी अलगद उलटी करा आणि तिसऱ्यांदा टोकं मध्यावर घ्या. चौकोनाची बाजू ५० वरून ३५, मग २५ आणि शेवटी १८ सेंटिमीटरच्या आत येते. म्हणूनच लहान नॅपकिन घेऊ नये, हाती नुसता जाड गठ्ठा येतो. या घड्या फक्त तळहाताने दाबायच्या. इस्त्रीने कडक केल्या, तर पाकळीला गोलाई येत नाही.

आता मधोमध ग्लास पालथा ठेवून दाबून धरा. कोपऱ्याखाली बोटं घाला, एक सुटं टोक लागेल. ते बाहेर ओढून कोपऱ्यावरून वर घ्या.

[क्षणभर फक्त कापडाचा आवाज]

ही पहिली पाकळी, आणि मला सगळ्यात आवडणारा क्षण. अशा चार झाल्या, की पाकळ्यांच्या मधल्या जागांमधून खालची चार टोकं ओढा. हिसका मात्र देऊ नका. ग्लासखालची टोकं निसटली, की सगळं फूल सैल पडतं.

[दृश्य: मांडलेलं टेबल]

टेबल १८० बाय ९० सेंटिमीटरचं आहे. लांब बाजूंना तीन-तीन, दोन टोकांना एकेक, अशी आठ पानं. प्रत्येकाला ६० सेंटिमीटर मिळतात, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. २७ सेंटिमीटरची प्लेट काठापासून दोन बोटं आत ठेवली, की समोरासमोरच्या प्लेटांमध्ये साधारण ३० सेंटिमीटरचा पट्टा उरतो. त्यात ग्लासही यायचे असतात. तेव्हा मध्ये उंच फुलदाणी नको, ती समोरच्याचा चेहराही झाकते. ती जागा वाढायच्या भांड्यांना द्या.

भरपूर वाढलंय असं वाटायला एकच मोठं भांडं पुरत नाही. तोच पदार्थ दोन भांड्यांत काढून दोन्ही टोकांना ठेवा. मग कोणाला उठावं लागत नाही, मागावंही लागत नाही.

कमळ प्लेटवर, आणि त्याच्या मध्यात एक छोटी वाटी. जेवायला बसलं, की वाटी बाजूला ठेवायची, एक पाकळी धरून नॅपकिन झटकायचा आणि मांडीवर पसरायचा.