सोडियम जागेवर, पोटॅशियम तळाला: आल्डोस्टेरॉनचं काम आणि बिघाड

(सोलापुरात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या मे महिन्यात घाम किती येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यातला घाम आणि तिसऱ्या आठवड्यातला घाम यांत फरक असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. घाम तितकाच, किंबहुना जास्तच येतो. त्यातलं मीठ मात्र निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली उतरतं. शरीर दहा-पंधरा दिवसांत मीठ राखायला शिकतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जेरोम कॉन नावाचे डॉक्टर याचाच अभ्यास करत होते. दमट, उष्ण प्रदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांचं शरीर उष्णतेला कसं सरावतं, हा त्यांचा प्रश्न होता. घामातलं मीठ कमी करणारा रस ॲड्रिनल ग्रंथीतून येत असावा, असा त्यांचा कयास होता. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एकेक अशा या दोन छोट्या ग्रंथी असतात. १९५३ साली तो रस शुद्ध स्वरूपात हाती लागला. तोच आल्डोस्टेरॉन.

पुढच्याच वर्षी कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. अनेक वर्षं तिला अधूनमधून पायांतली शक्ती गेल्यासारखं व्हायचं, हातांत पेटके यायचे. रक्तदाब चढलेला आणि पोटॅशियम फारच कमी. कॉन यांनी तिचा घाम आणि लाळ तपासली. दोन्हींत सोडियम अगदी थोडं होतं. उन्हात राबणाऱ्या सैनिकाचं शरीर मीठ राखतं तसं हिचं शरीर राखत होतं, तेही गरज नसताना. शस्त्रक्रियेत उजव्या ॲड्रिनलवर सुमारे ४ सेंटिमीटरची गाठ सापडली. ती काढली आणि रुग्ण सुधारली. १९५५ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हापासून या आजाराला कॉन यांचं नाव आहे. मला ही हकीकत फार आवडते, कारण घामाचा अभ्यास करणाऱ्या माणसानंच हे ओळखलं.

आता मूत्रपिंडात जाऊ. आपल्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्याबरोबर गाळलं जाणारं सोडियम मिठाच्या हिशोबात मोजलं, तर ते जवळजवळ दीड किलो भरतं. त्यातलं बहुतेक सगळं नलिकांच्या सुरुवातीच्या भागांतच परत रक्तात घेतलं जातं. आल्डोस्टेरॉनचा अधिकार चालतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर, दोन-तीन टक्क्यांवर. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम. आपण दिवसभरात मीठ खातो त्यापेक्षा हे जास्तच. म्हणून हा छोटा हिस्साच रक्तदाब ठरवून जातो.

रक्ताचं प्रमाण घटलं, दाब उतरला किंवा नलिकेत मीठ कमी पोचलं, की किडनीतल्या काही पेशी रेनिन सोडतात. यकृत एक प्रथिन रक्तात सोडतच असतं. रेनिन त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा पाडतं. त्यातली दोन आम्लं एसीई नावाचं विकर काढून टाकतं. हे काम प्रामुख्यानं फुफ्फुसांत होतं. उरतं ते अँजिओटेन्सिन-टू. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनलला आल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. मीठ आणि पाणी राखलं गेलं, दाब सावरला, की रेनिन आपोआप उतरतं. निरोगी माणसात साखळी अशी स्वतःच थांबते. आल्डोस्टेरॉनला हुकूम देणारा आणखी एक जण आहे, तो म्हणजे पोटॅशियम. रक्तात ते किंचित वाढलं तरी ॲड्रिनलला थेट कळतं, रेनिनची वाट पाहावी लागत नाही.

आल्डोस्टेरॉन शेवटच्या नलिकेच्या पेशींत शिरतं आणि सोडियम आत घेणारी दारं वाढवतं. सोडियमवर धन भार असतो. तो आत गेला की नलिकेच्या पोकळीत ऋण भार उरतो आणि पेशीतलं पोटॅशियम तिकडे ओढलं जातं. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. पोटॅशियमबरोबर आम्लही जातं, म्हणून रक्त थोडं अल्कधर्मी होतं.

इथे एक प्रश्न पडायलाच हवा. आल्डोस्टेरॉन इतकं सोडियम राखतं, तर रक्ततपासणीत सोडियम वाढलेलं का दिसत नाही? कारण सोडियमबरोबर पाणीही राखलं जातं. प्रमाण तेच राहतं, साठा वाढतो, दाब चढतो. मग अंगावर सूज का येत नाही? काही दिवसांत वजन थोडं वाढलं की चढलेला दाब आणि ताणलेल्या हृदयातून सुटणारं एक संप्रेरक मिळून किडनीला जास्तीचं मीठ बाहेर टाकायला लावतात. नवा समतोल बसतो, पण तो चढलेल्या दाबावरच. पोटॅशियमला मात्र अशी सुटका नाही. उलट शेवटच्या नलिकेकडे जितकं जास्त सोडियम येतं, तितकं पोटॅशियम जास्त ओढलं जातं. म्हणून या आजारात जेवणातलं मीठ वाढलं की पोटॅशियम आणखी घसरतं. रोज लोणचं, पापड आणि खारट शेंगाचटणी चालू असेल, तर त्याचा परिणाम थेट रिपोर्टमध्ये दिसतो.

एक रुग्ण सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यंत्रमागावर काम करणारे ४४ वर्षांचे गृहस्थ. बीपीच्या तीन गोळ्या पूर्ण मात्रेत चालू: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन. तरी बीपी १६८/१०४. म्हणाले, "डॉक्टर, जिना चढताना मांड्यांत जीवच राहत नाही." त्यांच्या मंडळींनी सांगितलं, "रात्री चार-चार वेळा उठतात हे." पोटॅशियम घटलं की किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून हे रात्रीचं उठणं. रक्तात सोडियम १४४ आणि पोटॅशियम २.९ निघालं. ते ३.५ च्या खाली जाऊ नये.

पहिला संशय क्लोरथॅलिडोनवर जातो, आणि तो जायलाच हवा. या गोळीनं पोटॅशियम उतरतं. ती थांबवली. महिन्याभरानंतरही पोटॅशियम ३.१. मग २४ तासांची लघवी गोळा केली. शरीरात तुटवडा असताना किडनीनं पोटॅशियम धरून ठेवायला हवं, लघवीत ते २० मिलिमोलच्या आसपास किंवा खाली यायला हवं. यांच्या लघवीत ६२ निघालं. गळती किडनीतूनच होती. ज्येष्ठमधाचा काढा घेता का, हेही मी विचारलं. तो रोज आणि भरपूर घेतला तर हेच चित्र उभं राहतं, फक्त आल्डोस्टेरॉन कमी असतं. ते घेत नव्हते.

पुढची तपासणी म्हणजे सकाळी, उठून काही वेळ हिंडल्याफिरल्यावर घेतलेल्या रक्तातलं आल्डोस्टेरॉन आणि रेनिन. त्याआधी पोटॅशियम भरून काढावं लागतं, कारण ते कमी असलं की ॲड्रिनल आल्डोस्टेरॉन कमी सोडते आणि आजार लपतो. आल्डोस्टेरॉन २८ आलं आणि रेनिनची क्रिया ०.२. भागाकार १४०, साधारण २० ते ३० च्या वर गेला की आम्ही सावध होतो. मात्र नुसत्या भागाकारावर विसंबू नका. रेनिन फार कमी असेल तर भागाकार उगाच फुगतो, म्हणून आल्डोस्टेरॉन स्वतःही चढलेलं असायला हवं. बीटा-ब्लॉकर गोळ्या रेनिन दाबतात आणि फसवा निकाल देतात. टेल्मिसार्टन उलट रेनिन वाढवतं. या गृहस्थांना ते चालू असूनही रेनिन तळालाच होतं. वरून हुकूम नाही आणि ग्रंथी स्वतःच्या मनानं आल्डोस्टेरॉन सोडते आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको होता.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रिनलवर १४ मिलिमीटरची गाठ दिसली. घरच्यांना वाटलं, आता काढून टाकू. मी थांबवलं. चाळिशीनंतर ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांत सापडतात. दोन्ही ग्रंथी बिघडलेल्या असतील आणि आपण एकच काढली, तर आजार तसाच राहतो. म्हणून दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घ्यावं लागतं. उजवी शीर अगदी आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, ती सापडणं कठीण. सरावलेल्या हाताचं हे काम आहे, त्यामुळे त्यांना मोठ्या केंद्रात पाठवलं. नमुन्यात दुसऱ्या शिरांचं रक्त मिसळतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या आल्डोस्टेरॉनला त्याच नमुन्यातल्या कॉर्टिसोल या ॲड्रिनलच्याच दुसऱ्या संप्रेरकानं भागतात. डावीकडे ९ आलं, उजवीकडे ०.८. अकरापट फरक. डावी ग्रंथी दुर्बिणीतून काढली. आता पोटॅशियम ४.५ आहे आणि ॲम्लोडिपिनच्या एका गोळीवर बीपी १२८/८२. ती एक गोळी सुटली नाही, कारण अनेक वर्षांच्या दाबानं रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात.

इथे मला कळकळीनं सांगायचं आहे. या आजारात पोटॅशियम कमी असायलाच हवं असं नाही. बहुसंख्य रुग्णांत ते सामान्य असतं. पोटॅशियम ठीक आहे एवढ्यावर आपण सोडून दिलं, तर असे अनेक जण वर्षानुवर्षं साध्या बीपीचे रुग्ण म्हणून गोळ्या बदलत राहतात, आणि तेवढ्याच दाबाच्या इतर रुग्णांपेक्षा त्यांच्या हृदयाचं नुकसान जास्त होतं. तीन गोळ्यांनी दाब आटोक्यात येत नसेल, कमी वयात बीपी सुरू झालं असेल, किंवा घरात कुणाला तरुणपणी पक्षाघात झाला असेल, तर आल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकदा तपासा, असं आपल्या डॉक्टरांना म्हणायला संकोच करू नका.

दोन्ही ग्रंथी बिघडलेल्या असतील तर शस्त्रक्रिया नाही, गोळ्या. स्पायरोनोलॅक्टोन आल्डोस्टेरॉनची किडनीतली जागा अडवून बसतं. पुरुषांत त्यानं छाती दुखते, वाढते. तसं झालं तर एप्लेरेनोन देता येतं. खरा धोका उलट्या बाजूचा आहे. पोटॅशियम आता बाहेर जात नाही, साठतं. किडनी आधीच अधू असेल किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल, तर ते ६ च्या वर जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा महिन्यानं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. दुकानात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. या गोळीवर असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी फोन करा आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते विचारा.