एकच प्लॉट, दोन खरेदीखतं

सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली, असं मानणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, मागच्या रांगेत वकील बसलेत. विषयाला हात घालण्याआधी मला या सातबाऱ्याशीच भांडायचंय. ती महसुलाची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, एवढंच तिचं वजन. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, नंतर होतो.

समजा, विक्रेत्याने 5 मार्चला पहिल्या गिऱ्हाइकाला खरेदीखत सही करून दिलं आणि पूर्ण पैसे घेतले. नोंदणी राहिली. 10 एप्रिलला तोच प्लॉट त्याने दुसऱ्याला 30 लाखांना विकला. हा माणूस चलाख, त्याच दिवशी नोंदणी केली, फेरफारही करून घेतला. पहिला निवांत 20 जूनला दुय्यम निबंधकाकडे गेला आणि त्याचाही दस्त नोंदला गेला.

प्लॉट कोणाचा? पहिल्याचा! नोंदणी कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दस्त नोंदला गेला की त्याचा अंमल सहीच्या तारखेपासून धरतात. दस्त सादर करायला चार महिने असतात, म्हणजे इथे 5 जुलैपर्यंत. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. तेही चुकले तर मात्र बाजी दुसऱ्याची.

गंमत अशी, की दुसऱ्याने 10 एप्रिलला सर्च घेतला असता, म्हणजे जुने दस्त तपासले असते, तरी नोंदलेल्या दस्तांच्या सूची दोनमध्ये काही दिसलं नसतं. मग संशय कुठे यावा? विक्रेता त्याच्या स्वतःच्या खरेदीचं मूळ खत न दाखवता झेरॉक्स पुढे करतो, तिथे. प्लॉटवर दुसऱ्याच कोणाचं कुंपण असतं, तिथे. जागेवर न जाता केलेला सर्च अर्धाच!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, भराभर. साठेखताने मालकी येत नाही. पण ते नोंदवलेलं असेल, तर नंतरच्या खरेदीदाराला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. साठेखतवाल्याचा खरेदीखत करून मिळण्याचा दावा मान्य झाला, तर न्यायालय त्या खरेदीदारालाही नव्या खरेदीखतात सही करायला लावतं. साठेखत नोंदवलेलं नसेल, तर पूर्ण पैसे देऊन, प्रामाणिकपणे आणि माहिती नसताना घेतलं, हे सिद्ध करण्याचा भार नंतरच्यावर.

आता भरपाई. आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्याचे 30 लाख अडकले. प्लॉट विकण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही हमी विक्रेत्याने कायद्यानेच दिलेली असते, खतात लिहिलेली नसली तरी. कबजा गेला तेव्हा भाव 38 लाख असेल, तर मागणी 38 लाखांची; शिवाय मुद्रांक, नोंदणीचा खर्च आणि व्याज. 'पैसे परत घ्या, विषय संपला' हे विक्रेत्याचं उत्तर चालत नाही. साठेखतवाल्याने दावा तीन वर्षांत लावावा आणि खरेदीखत मागतानाच पर्याय म्हणून आगाऊ दिलेल्या इसाराचा परतावा नि भरपाई दाव्यात लिहावी. न मागितलेलं न्यायालय देत नाही. राहिलंच, तर दुरुस्ती अर्ज करून घालावं लागतं.