दोन ग्लास, दोन्हीत बुडबुडे

श्रोतेहो, नमस्कार. भौतिक बदल आणि रासायनिक बदल कसे ओळखायचे, हे शाळेत शिकवताना एक खूण हमखास सांगितली जाते: वायू बाहेर पडला की समजा, बदल रासायनिक आहे. आज या खुणेचीच परीक्षा घेऊया. अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण अशा तीन टप्प्यांचा हा पाठ आहे. त्याला लागतं फक्त मीठ, साखर, बारीक वाळू, खायचा सोडा, व्हिनेगर आणि नुकतीच उघडलेली सोडावॉटरची बाटली.

दोन काचेचे ग्लास घ्या. एकात 50 मिलिलिटर सोडावॉटर, दुसऱ्यात तेवढंच व्हिनेगर. सोडावॉटरमध्ये अर्धा चमचा मीठ टाकणार आहोत आणि व्हिनेगरमध्ये अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. पण हात लावण्याआधी मुलांना वही उघडायला सांगा. काय होईल आणि तसं का वाटतं, दोन्ही पेनानं लिहायचं. पेन्सिल नको, कारण पेन्सिलनं लिहिलेले अंदाज प्रयोगानंतर आश्चर्यकारकरीत्या बरोबर निघतात! वाचून दाखवताना शिक्षकानं मानही हलवायची नाही, ना होकारार्थी ना नकारार्थी. बरीच मुलं लिहितील, ‘मीठ विरघळेल, बाकी काही नाही.’

आता टाका. मीठ पडताच सोडावॉटर फसफसून वर येतं. व्हिनेगरमध्येही पांढरा फेस उसळतो. ग्लास लांबून पाहिले तर दोन्हीकडे तेच चाललंय असं वाटेल.

निरीक्षण लिहिताना इथे एक घसरण होते. मुलं लिहितात, ‘वायू तयार झाला.’ हे कुणी पाहिलं? पाहिलं ते एवढंच, की बुडबुडे वर आले. तयार झाला की आधीपासून होता, हे डोळ्यांना दिसत नाही. तेवढं वाक्य खोडून घ्या, पुढचा सगळा पाठ त्यावर उभा आहे.

दोन्ही ग्लासांतून निघालेला वायूही एकच, कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वायू ओळखूनही प्रश्न सुटत नाही. मग काय करायचं? टाकायची वस्तू बदलून पाहायची. ताज्या सोडावॉटरमध्ये मिठाऐवजी साखर टाका, धुतलेली बारीक वाळू टाका, तरी ते फसफसतं. वाळू तर विरघळतही नाही. सोडावॉटरमध्ये वायू दाबाखाली कोंबून विरघळवलेला असतो. कणांच्या खडबडीत पृष्ठभागावर आणि त्यांच्यासोबत आत गेलेल्या हवेभोवती त्याला बुडबुडा धरायला जागा मिळते, आणि तो निसटतो. वायू आधीच होता, मिठानं फक्त वाट करून दिली. हा बदल भौतिक. (त्या वायूचा अगदी थोडा अंश पाण्याशी संयोग पावलेला असतो, हे जाणकारांना ठाऊक आहे, या वर्गात तो मुद्दा बाजूला ठेवलेला बरा.)

व्हिनेगरमध्ये मात्र मीठ टाकून पाहा, वाळू टाकून पाहा. धुतलेली वाळू असेल तर एखाददुसरा हवेचा बुडबुडा येईल, फेस नाही. तिथे सोडाच लागतो. आणि तोच सोडा साध्या पाण्यात टाकला तर नुसता विरघळतो. म्हणजे दोघं एकत्र आल्यावरच वायू जन्माला येतो.

वाळूबद्दल एक सावधगिरी. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतील तर व्हिनेगर त्यांच्यावरही फसफसतं आणि सगळा तर्क कोसळतो. त्यामुळे वाळू आधी थोड्या व्हिनेगरमध्ये टाकून तपासा. आणि कुठल्याही परिस्थितीत सोडा-व्हिनेगरचं मिश्रण झाकणबंद बाटलीत करू नका, बाटली फुटू शकते.

आता उरलेल्या पाण्याकडे जाऊ. दोन्ही ग्लासांतलं पाणी वेगवेगळ्या पसरट बशांत ओतून सुकू द्या. सुकायला वेळ लागेल, म्हणून स्पष्टीकरणाचा तास पुढे ढकला, हरकत नाही. दोन्ही बशांत पांढरं काहीतरी उरेल. इथे मुलांकडून पुन्हा अंदाज घ्या: या पांढऱ्या पदार्थावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर?

पहिल्या बशीत काहीच घडत नाही, कारण तिथे टाकलेलं मीठच परत मिळालं आहे. दुसऱ्या बशीत सोडा असता तर फेस यायला हवा. तो येत नाही. सोडा संपला आणि त्याच्या जागी सोडियम ॲसिटेट नावाचा वेगळाच पदार्थ आला. बुडबुड्यांपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

फक्त प्रमाण सांभाळा. बाजारातल्या साधारण 5 टक्क्यांच्या 50 मिलिलिटर व्हिनेगरला सुमारे 3.5 ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे सपाट छोटा चमचाही भरत नाही. म्हणून आपण अर्धाच घेतला. उत्साहानं दोन चमचे ओतले, तर जास्तीचा सोडा तसाच बशीत उरतो, थेंब पडताच फसफसतो, आणि मुलं बिनचूक निरीक्षणावरून चुकीचा निष्कर्ष काढतात. तसं झालंच तर उत्तर सांगून टाकू नका. अर्धाच छोटा चमचा सोडा घेऊन त्यांनाच पुन्हा करू द्या.