टोकाच्या चुका आणि मधल्या चुका: रँडमाइज्ड बेंचमार्किंग

(भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. आज एकच प्रश्न घेऊ. क्यूबिटवर चालवलेलं एक गेट सरासरी किती चुकतं? प्रश्न साधा वाटतो, पण मोजायला गेलं की गेट सापडतच नाही. ते का, तेवढं आधी आकड्यांनी बघू.

समजा आपल्याकडे एक सुपरकंडक्टिंग क्यूबिट आहे. सुरुवातीला तो शून्य अवस्थेत आणायचा, पण शंभरात दोन वेळा तो चुकून एकमध्ये असतो. शेवटी वाचायचा. शून्य असताना वाचनात एक टक्का चूक होते, एक असताना पाच टक्के. हा फरक नेहमीचाच आहे, कारण वाचन चालू असतानाच एकमधला क्यूबिट ऊर्जा गमावून शून्यावर घसरू शकतो. आणि आपलं गेट मात्र चांगलं आहे: चूक ०.१ टक्का. आता शून्यावर एक्स गेट लावा आणि उत्तर एक येतं का पाहा. गेट संपूर्ण निर्दोष असतं तर अपयश ६.८८ टक्के आलं असतं. आपल्या गेटनं येतं ६.९७ टक्के. प्रयोग दहा हजार वेळा केला तरी मोजणीतली सांख्यिकी अनिश्चितता पाव टक्क्याची असते, म्हणजे गेटचा हिस्सा त्यात पार बुडून जातो.

कुणी म्हणेल, तयारीच्या आणि वाचनाच्या चुका वेगळ्या मोजा आणि वजा करा. पण एक वाचताना किती चूक होते हे मोजायला क्यूबिट एकमध्ये न्यावा लागतो, आणि तो नेण्यासाठी वापरायचं तेच एक्स गेट. हिशेब गोल फिरतो. प्रोसेस टोमोग्राफीलाही हीच अडचण भोवते. ती पद्धत गेटचं संपूर्ण चित्र देते, पण तयारी आणि वाचन बिनचूक आहेत असं धरून, त्यामुळे टोकांची चूक गेटच्या नावावर जमा होते.

यातून वाट निघते ती लांबीची. एका कागदाची जाडी पट्टीनं मोजता येत नाही. पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असेल तर आणखीच पंचाईत. पण शंभर कागदांचा गठ्ठा मोजा, पाचशेंचा मोजा आणि वजाबाकी करा. झिजलेलं टोक दोन्हीकडे सारखंच लागू होतं, म्हणून ते गळून जातं. क्यूबिटचंही तसंच आहे. तयारी एकदाच होते, वाचन एकदाच होतं, मधली गेटं आपण हवी तेवढी वाढवू शकतो.

मग तेच गेट शंभर वेळा लावून का भागत नाही? समजा १८० अंश फिरवणारं एक्स गेट दर वेळी एक अंश जास्त फिरवतं. शंभर वेळा लावल्यावर क्यूबिट शून्यावर परत यायला हवा, पण तो शंभर अंशांनी चुकलेला असतो आणि सुमारे ५९ टक्के वेळा एक सापडतो. उलट, एक्स लावून लगेच त्याचं उलटं गेट लावलं आणि त्यातही तीच एक अंशाची जादा फिरकी असेल, तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गेट निर्दोष दिसतं. गेट तेच, उत्तरं दोन टोकांची. कोनातल्या चुका अशाच असतात: मांडणी कशी केली त्यावर त्या साचतात किंवा विरतात. म्हणून मांडणीच यदृच्छेवर सोडायची.

ही कल्पना एमर्सन, अलिकी आणि झिचकोव्स्की यांनी २००५ मध्ये मांडली. अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेत निल आणि सहकाऱ्यांनी ती बेरिलियमच्या एका आयनवर करून दाखवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दर यादृच्छिक पल्समागे चूक ०.००४८२ निघाली. आज सर्वत्र वापरतात तो साचा मागेसन, गॅम्बेटा आणि एमर्सन यांनी २०११-१२ मध्ये पक्का केला.

कृती अशी. एका क्यूबिटसाठी क्लिफर्ड समूहात २४ गेटं आहेत. त्यांतून m गेटं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा. त्या सगळ्यांचा मिळून जो परिणाम होईल, तो पुसणारं एकच गेट कागदावर काढा. क्लिफर्डांचा गुणाकार क्लिफर्डच असतो, म्हणून ते गेटही त्याच चोविसांपैकी असतं आणि शोधायला साधा संगणक पुरतो. पावलागणिक मागे यायचं नाही, एका उडीत परतायचं. नाहीतर मघाशी पाहिलेली खोडाखोड पुन्हा सुरू होईल. मग क्यूबिट शून्यात तयार करा, m गेटं चालवा, उलटं गेट लावा, वाचा. तीच मालिका काहीशे वेळा चालवा. मग त्याच लांबीच्या तीसचाळीस वेगळ्या मालिका घ्या, सरासरी काढा आणि लांबी बदला.

यादृच्छिकतेनं नेमकं काय होतं? प्रत्येक गेटच्या चुकीला एक दिशा असते. पण तिच्या आधीची आणि नंतरची गेटं दर मालिकेत वेगळी असल्यानं ती चूक दर वेळी वेगळ्या बाजूनं दिसते. सगळ्या दिशांची सरासरी घेतली की दिशा नाहीशी होते आणि एकच आकडा मागे राहतो: क्यूबिटची अवस्था दाखवणारा बाण दर पावलाला किती पटीनं आखडतो. त्या पटीला p म्हणतात. यासाठी सगळी शक्य गेटं लागत नाहीत, ही चोवीसच तीच सरासरी हुबेहूब देतात. म्हणूनच क्लिफर्ड निवडले आहेत. शून्यावर परत आल्याचं प्रमाण मग असं येतं:

P(m) = A·p^m + B

एका क्यूबिटसाठी सरासरी चूक r = (1 − p)/2. तयारीची आणि वाचनाची सगळी घाण A आणि B मध्ये जाते, शेवटच्या उलट्या गेटची चूकसुद्धा. घातांकावर बसलेल्या p ला ती शिवत नाही.

आता सुरुवातीचे आकडे घाला. r = 0.001, म्हणून p = 0.998. खूप लांब मालिकेनंतर क्यूबिट अर्धा-अर्धा होतो आणि वाचन शून्य सांगतं ०.५२ वेळा. तो B. सुरुवातीचं प्रमाण ०.९७१२, म्हणून A = 0.4512. (शेवटच्या गेटमुळे A किंचित घटेल, ते इथे सोडून देतो.) शंभर गेटांनंतर प्रमाण येतं ०.८८९३, पाचशेनंतर ०.६८५८. दोन्हींतून B वजा करा: ०.३६९३ आणि ०.१६५८. भागाकार ०.४४९०. A गळाला, आणि ०.४४९० म्हणजे बरोबर ०.९९८ चा चारशेवा घात. सहासात टक्क्यांच्या गोंधळामागे लपलेली ०.१ टक्का चूक हाती आली.

इथे एक खाचखळगा आहे. पुस्तकात B = ½ असतो म्हणून तो ०.५ वर बांधून टाकला, तर याच दोन बिंदूंतून r निघतो ०.०००९२. आठ टक्के चूक आणि तीही आपल्या सोयीची, कारण गेट आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. B फिटमध्ये मोकळा ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे निम्म्या मालिकांत शेवटचं गेट असं घ्या की उत्तर शून्याऐवजी एक यायला हवं. दोन्हींत शून्य वाचल्याचं प्रमाण काढा आणि वजाबाकी करा. B दोन्हीकडे तोच असल्यानं उडतो, A दुप्पट होतो आणि वक्र सरळ शून्याकडे उतरतो. मला हा उपाय फार आवडतो. एक ओळ बदलायची आणि फिटमधला एक अज्ञात कमी.

ही पद्धत टोकांच्या चुकांनी फसत नाही असं म्हणतात, त्याचा अर्थ नीट घ्या. उत्तर एका बाजूला झुकत नाही, एवढंच. वाचन खराब असेल तर A लहान होतो आणि p मधली अनिश्चितता वाढते. A निम्मा झाला तर तेवढ्याच अचूकतेसाठी चौपट वेळा प्रयोग करावा लागतो.

दुसरी अट जास्त नाजूक आहे. टोकांची चूक m वर अवलंबून असता कामा नये. सगळ्या आखूड मालिका सकाळी आणि लांब मालिका दुपारी चालवल्या, आणि दरम्यान वाचनाची पातळी हळूहळू सरकत गेली, तर ती घसरण लांबीबरोबर दिसते आणि फिट ती गेटच्या माथी मारतं. म्हणून लांब-आखूड मालिकांचा क्रम पिसून घ्यावा. ट्रान्समॉन या प्रकारचा सुपरकंडक्टिंग क्यूबिट शून्य-एक सोडून तिसऱ्या पातळीवर निसटत असेल, तरी साधा घातांकी वक्र पुरत नाही. ते ओळखायचं कसं? बिंदू वक्राच्या आजूबाजूला विखुरलेले असतील तर ठीक. ते सुरुवातीला सलग वर, मधे सलग खाली असे रांगेत दिसले, तर मॉडेल चुकलंय असं समजा आणि r जाहीर करू नका.

दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवताना ते क्लिफर्डमागे आहेत की पल्समागे, तेवढं पाहा. एक क्लिफर्ड बांधायला नेहमीच्या मांडणीत सरासरी १.८७५ पल्स लागतात, त्यामुळे तेच यंत्र जवळपास दुप्पट चांगलं किंवा वाईट भासू शकतं.

राहिला तो एक अंश. दर गेटला एक अंश जादा फिरकी असेल तर सरासरी चूक r येते फक्त ०.००५ टक्के, आणि शंभर गेटांच्या यादृच्छिक मालिकेत अपयश सुमारे अर्धा टक्का. तेच शंभर एक्स ओळीनं लावले तर ५९ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. खऱ्या गणनविधीत मात्र तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, तिथे यदृच्छा नसते. त्यामुळे निव्वळ r वरून तिथलं अपयश सांगता येत नाही. पहिली खूण विखुरणीत मिळते. एकाच लांबीच्या वेगवेगळ्या मालिकांचे निकाल सांख्यिकी अपेक्षेपेक्षा जास्त पसरले असतील, तर कोनाच्या चुकीचा संशय घ्यावा. संशय तपासायला याच पद्धतीचा भाऊबंद आहे. उलटं गेट लावायचंच नाही. यादृच्छिक मालिकेनंतर तिन्ही अक्षांवर मोजायचं आणि बाणाची लांबी किती उरली ते पाहायचं. कोन चुकला तर बाण भलतीकडे वळतो पण आखडत नाही, गोंगाटानं मात्र आखडतो. बाणाची लांबी मालिकेच्या लांबीनुसार किती वेगानं घटते हे r शेजारी ठेवलं, की चुकीतला किती भाग पल्स नव्यानं जुळवून जाईल आणि किती भागासाठी चिपच सुधारावी लागेल, ते वेगळं काढता येतं.